पेटीपर्यंत गेलेले पत्र

कादंबरीतल्या माणसाने पत्र लिहिले म्हणजे ते पोचणारच, असे वाचक धरून चालतो. पोस्टमन कितीही उशीर करो, पाऊस कितीही पडो, पुढल्या प्रकरणात कुणीतरी ते पत्र फोडून वाचते आणि डोळ्यांना पदर लावते. मला मात्र ओढ आहे ती पेटीपर्यंत जाऊन परत आलेल्या पत्राची. त्यातही ते माफी मागणारे पत्र असेल तर मग विचारूच नका. गेली दोन वर्षे असले एक पत्र माझ्या उशाशी आहे. ते माझे नव्हे. माझ्या कादंबरीतल्या दत्तारामाचे आहे.

हा दत्ताराम राहतो मुलुंडला आणि काम करतो मध्य रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपात. त्याचा धाकटा भाऊ मधू बोरिवलीला असतो आणि पश्चिम रेल्वेच्या लोअर परळच्या कारखान्यात जातो. आमच्या उपनगरांची ही एक गंमतच आहे. मुलुंड आणि बोरिवली म्हणजे एकाच डोंगराच्या दोन कुशी. मध्ये कान्हेरीची लेणी, तुळशी आणि विहार हे तलाव आणि गर्द रान. पाखराला पलीकडे जायला कितीसा वेळ लागणार! पण माणसाला गाडीने जायचे तर दादरपर्यंत खाली उतरावे लागते, पूल ओलांडावा लागतो आणि दुसऱ्या लाइनीवरून पुन्हा तितकेच वर चढावे लागते. एका लाइनीवरचा भाऊ दुसऱ्या लाइनीवरच्या भावाला सहज भेटत नाही. भेटायचे म्हणजे रविवार खर्ची घालावा लागतो. म्हणूनच पत्राला जागा राहते.

आता दत्तारामाचा अपराध सांगतो. १९७४ सालच्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. आठ तारखेला सुरू झालेला हा संप वीस दिवस चालला. कामगारांची धरपकड झाली, पोलीस रेल्वेच्या वसाहतींतून फिरले, आणि पुष्कळ जण घर सोडून कुठे कुठे लपून राहिले. मधू संपात पुढे होता. दत्ताराम चौथ्या दिवशी कामावर गेला. पण तो काही अपराध नव्हे; पोटासाठी पुष्कळ जण गेले. अपराध पुढचा आहे. एका पहाटे पोलीस दारात उभे राहिले, घरात म्हातारी आई होती, पोरे जागी झाली होती, आणि दत्तारामाने मधू कुठे आहे ते सांगून टाकले. मारहाण नाही, धमकी नाही. नुसते दोनदा विचारले आणि त्याने सांगितले. मधूला अटक झाली, नोकरी गेली. आपला पत्ता कुणी दिला हे मात्र त्याला कळले नाही.

सगळी मेख या शेवटच्या वाक्यात आहे. माफीची पत्रे दोन जातींची असतात. एका जातीत ज्याची माफी मागायची त्याला अपराध ठाऊक असतो. तिथे लिहिणाऱ्याचा हात अडतो तो मानापायी, आणि मान हा आज ना उद्या झिजतो. दुसऱ्या जातीत समोरच्याला काहीच ठाऊक नसते. तिथे माफी मागणे म्हणजे आधी बातमी देणे. 'मला क्षमा कर' हे चौथे वाक्य. त्याआधीची तीन वाक्ये वाचताच धाकट्याचे आयुष्य दुसऱ्यांदा ढवळून निघणार. आपल्या मनावरचा धोंडा उतरवून तो भावाच्या डोक्यावर ठेवायचा का, असे दत्ताराम स्वतःला विचारतो. हा प्रश्न खरा की पळवाट, हे त्यालाही कळत नाही, आणि खरे सांगायचे तर वाचकालाही लवकर कळू नये अशी माझी खटपट आहे.

शाळेत मी मुलांना पत्रलेखन शिकवतो. वडिलांना 'तीर्थरूप' लिहावे, धाकट्याला 'चिरंजीव'. वडिलांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. मुले हे घोकतात आणि परीक्षेत मायन्याचा गुण पदरात पाडून घेतात. दत्ताराम अडतो तो नेमका या मायन्यापाशी. 'चि. मधूस अनेक उत्तम आशीर्वाद' असे तो सवयीने लिहितो आणि थांबतो. ज्या हाताने आशीर्वाद द्यायचा, त्याच हाताने पुढच्या ओळीत पदर पसरायचा कसा? आपल्या मायन्यात थोरल्याने धाकट्यापुढे वाकायची सोयच नाही. निळ्या आंतरदेशीय पत्राची तीन पाने तो या एका ओळीपायी वाया घालवतो. चौथ्यावर कसाबसा मजकूर उतरतो. त्यात 'पण' हा शब्द पाच वेळा येतो. 'माझे चुकले, पण आई घाबरली होती.' 'माझे चुकले, पण तूही कुणाचे ऐकले नाहीस.' हे 'पण' मोजले की लिहिणारा माफी मागतो आहे की वकिली करतो आहे, ते चटकन उमगते.

हे पत्र बंद करून, पत्ता घालून तो मुलुंड स्टेशनबाहेरच्या लाल पेटीपर्यंत जातो आणि परत येतो. वर तारीख आहे २ जून १९७४.

ही तारीख कादंबरीकाराच्या फार उपयोगाची. पत्र खिशात राहिले तरी तारीख काही खिशात थांबत नाही. महिन्याभराने ते टाकायचे म्हटले तर आधी उशिराची माफी मागायला हवी. वर्षाने टाकायचे तर वर्षभर भावाच्या घरी जेवलो, भाऊबिजेला त्याच्या पोरीचे पापे घेतले, त्या सगळ्याची माफी हवी. मूळ अपराध तेवढाच राहतो. गप्प राहण्याचा अपराध मात्र व्याजासारखा चढत जातो, आणि एक दिवस मुद्दलापेक्षा व्याज मोठे होते.

न पोचलेल्या पत्रांत सर्वांत गाजलेले पत्र टॉमस हार्डीच्या 'टेस'मधले. १८९१ साली ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. लग्नाआधी टेस आपली सगळी हकीकत लिहून एंजलच्या दाराखालून आत सरकवते आणि ते पत्र आतल्या सतरंजीखाली जाते. तो काही बोलत नाही, तेव्हा त्याने क्षमा केली असेल अशी आशा तिला वाटू लागते. लग्नाच्या सकाळी पत्र जसेच्या तसे तिच्या हाती लागते. लोकांना आठवते ती सतरंजी, दैवाचा खेळ म्हणून. मला मात्र हार्डीची खरी करामत पुढच्या क्षणात दिसते. पत्र हाती आले आहे, लग्न अजून लागलेले नाही, एंजल त्याच घरात आहे. आणि ती ते नष्ट करते. सतरंजीने पत्र लपवले हा अपघात. ते पुन्हा न देणे ही तिची कृती, आणि तिथेच कादंबरी वळते. अपघाताने हुकलेल्या पत्राने वाचक हळहळतो. माणसाने आपल्या हातांनी अडवलेल्या पत्राने तो लेखकाशी भांडायला उठतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याकडचे आणि सत्यातले आहे. पंधराएक वर्षांच्या मोहनदास गांधींनी भावाच्या कड्यातले सोने चोरल्याची कबुली कागदावर लिहिली आणि आजारी वडिलांच्या हातात स्वतः दिली. शिक्षाही मागितली, आणि समोर बसून राहिले. वडिलांनी वाचले, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले आणि त्यांनी कागद फाडून टाकला. आत्मकथेतला हा प्रसंग पुष्कळांना पाठ आहे. लक्षात घ्या, ती चिठ्ठी धाकट्याने थोरल्याला दिलेली होती. वाहण्याची दिशा उताराची होती. दत्तारामाला पाणी चढावर न्यायचे आहे.

मग वळण कुठे? पत्र टाकले नाही एवढ्याने काही वळण होत नाही. न टाकल्यामुळे कुणाचे तरी काहीतरी बिघडले पाहिजे, आणि ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत बिघडले पाहिजे. मला ती जागा इतिहासाने आयती दिली. १९७७ साली जनता पक्षाचे सरकार आले, मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात नोकरी गेलेल्यांना परत घेण्याचे काम सुरू झाले. माझ्या मधूलाही बोलावणे येते. तो अण्णाला पेढे खायला बोलावतो. दत्ताराम तीन वर्षांचे जुने पत्र खिशात घालून दादरचा पूल ओलांडतो. मनात म्हणतो, नोकरी मिळाली, नुकसान भरून निघाले, आता पत्राचे कामच काय? वाचकालाही तसेच वाटावे म्हणून मी ते प्रकरण मुद्दाम हसतेखेळते ठेवले आहे. वहिनीने पुऱ्या तळल्या आहेत. पोरगी काकाच्या मांडीवर बसली आहे.

आणि पेढा हातात देता देता मधू सहज म्हणतो, "अण्णा, पत्ता कुणी दिला ते मला तेव्हाच समजलं होतं. शेजारचा जाधव. तीन वर्षं त्याच्या दारात पाय ठेवला नाही मी. त्याच्या पोरीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही."

दत्ताराम पेढा तोंडात घालतो. माझ्या कादंबरीचे वळण ते हे. इतके दिवस ते पत्र दोघा भावांमधले होते. आता त्याच्या न पोचण्याचे ओझे तिसराच माणूस वाहतो आहे, आणि तो भिंतीपलीकडे राहतो. भावाला दुसरा धक्का नको, ही सबब त्या एका वाक्याने मेली. ती खरी की पळवाट, याचा निकाल इथे लागतो.

तरीही तो तिथे बोलत नाही. निघताना जिना उतरून तो जाधवचे दार ठोठावतो आणि त्याला सगळे सांगतो. भावाला जे तीन वर्षांत सांगता आले नाही, ते परक्याला पाच मिनिटांत सांगून होते. कारण परक्याला आशीर्वाद द्यावा लागत नाही. जाधव ऐकून घेतो आणि म्हणतो, "हे मला सांगून काय होणार? वर जा."

तो वर जातो की नाही, ते शेवटच्या प्रकरणात आहे. इथे फोडत नाही. एवढेच सांगतो की त्या रात्री मुलुंडला परतल्यावर तो नवे आंतरदेशीय पत्र घेतो. पूर्वीचे पत्र तीन घड्या भरून होते. हे चार ओळींचे आहे, आणि 'पण' हा शब्द त्यात एकदाही नाही. वर 'चिरंजीव' नाही, आशीर्वादही नाही. माझ्या वर्गात मायन्याचा गुण कापला गेला असता. नुसते 'मधू,' असे लिहून त्याने स्वल्पविराम दिला आहे.