मॉली जागी आहे तोवर

एक वाक्य अडीच हजार शब्दांचं असतं, आणि ते वाचताना धाप लागायच्या ऐवजी ते संपूच नये असं वाटतं! जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’चं शेवटचं, अठरावं प्रकरण वाचल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. या प्रकरणात स्वल्पविराम नाही, अवतरणचिन्ह नाही, प्रश्नचिन्ह नाही, प्रसंग बदलला हे सांगणारी मोकळी ओळ नाही. तरीही मॉली ब्लूम नावाची ती बाई माझ्याशेजारी पडून बोलते आहे इतकी ती स्पष्ट ऐकू येते. हे कसं होतं ते मला कळलंय, निदान बरंचसं, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. ही कादंबरी २ फेब्रुवारी १९२२ रोजी पॅरिसमध्ये सिल्व्हिया बीच या पुस्तकविक्रेतीने प्रकाशित केली. गोष्ट डब्लिन शहरातल्या एकाच दिवसाची, १६ जून १९०४ची. सतरा प्रकरणं आपण मुख्यतः मॉलीचा नवरा लिओपोल्ड ब्लूम आणि स्टीफन डीडलस हा तरुण शिक्षक यांच्या मागे गावभर फिरतो. मॉली गायिका आहे. तिच्याविषयी सगळे बोलतात, ती स्वतः फारशी समोर येत नाही. दुपारी तिचा प्रियकर बॉयलन घरी येऊन गेलेला आहे आणि नवऱ्याला ते ठाऊक आहे. मग अपरात्री नवरा परत येतो, अंथरुणात शिरतो, उद्याची न्याहारी तिने त्याला अंथरुणातच आणून द्यावी असं तिच्या कानावर पडतं, आणि तो झोपी जातो. मॉलीचा डोळा लागत नाही. शेवटच्या प्रकरणात घडतं ते एवढंच.

आणि आता तिचं मन सुरू होतं. आठ प्रचंड वाक्यं. प्रचलित आवृत्तीत पूर्णविराम फक्त दोन, एक चौथ्या वाक्याच्या शेवटी आणि एक अगदी शेवटी. पण जॉइसने सगळंच काढून घेतलेलं नाही. प्रत्येक वाक्य नव्या परिच्छेदाने सुरू होतं आणि माणसांची, गावांची नावं मोठ्या अक्षरानेच येतात. म्हणजे नजरेला धरायला काहीतरी आहे. पान एकसारखं काळं दिसतं, पण त्यात जिब्राल्टर, मल्वी, मिली, स्टॅनहोप ही नावं ठळक उठून दिसतात आणि आपण कुठे आहोत ते सांगतात.

मग वाक्याच्या आत थांबायचं कुठे? इथे खरी गंमत आहे. जॉइसने आपला मित्र फ्रँक बजेन याला १९२१ साली पत्रातून कळवलं होतं की हे प्रकरण चार शब्दांभोवती फिरतं: कारण, बूड, बाई आणि हो. त्यातले ‘कारण’ आणि ‘हो’ हे दोन पकडले की वाट सापडते. मॉली ‘कारण’ म्हणाली की विचाराला नवा फाटा फुटतो. ‘हो’ म्हणाली की तिने मागचं काहीतरी मान्य केलं, श्वास घेतला आणि पुढे निघाली. प्रकरण सुरू होतं ते ‘हो’ने आणि संपतं तेही ‘हो’ने. छापलेल्या स्वल्पविरामाचं काम हे शब्द करतात, आणि शिवाय बोलणाऱ्या बाईचा आवाज त्यांच्यात राहतो.

पहिल्याच वाक्याची सुरुवात बघा. नवऱ्याने अंथरुणात न्याहारी मागितली, तीही दोन अंड्यांसह. असं त्याने कधी केलं नव्हतं, फक्त ती दोघं सिटी आर्म्स हॉटेलात राहत होती तेव्हा सोडून. तेव्हा तो आजारी आवाज काढून पडून राहायचा. का, तर तिथल्या मिसेस रिऑर्डन नावाच्या म्हातारीवर छाप पडावी म्हणून. तिच्याकडून काहीतरी मिळेल अशी त्याला आशा होती, आणि तिने एक छदामही ठेवला नाही, सगळा पैसा स्वतःच्या आत्म्यासाठी प्रार्थना म्हणायला चर्चला दिला. काय चिकट बाई, स्पिरिटवर चार पेन्स खर्च करायला जिवावर यायचं, सदा आपली दुखणी आणि राजकारण आणि भूकंप आणि जगाचा अंत, पोहण्याच्या पोशाखांवर राग. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर मॉली अलगद वळते: म्हाताऱ्या बायकांशी, वेटरशी, भिकाऱ्याशीही हा माणूस अदबीने वागतो, ते मात्र मला आवडतं.

काय झालं इथे? अंड्यांवरून निघालेली चिडचिड एका मेलेल्या म्हातारीच्या कद्रूपणावर जाऊन नवऱ्याविषयीच्या मायेपाशी पोचली. मध्ये पूर्णविराम असता तर मी तीन वेगळी मतं वाचली असती. तो नसल्यामुळे एकातून दुसरं कसं निघालं ते दिसतं. नवऱ्याच्या ढोंगाची आठवण आणि त्याच्या चांगुलपणाची आठवण एकाच हॉटेलात, एकाच म्हातारीच्या खोलीत आहे, म्हणून राग आणि प्रेम तिला वेगळे काढताच येत नाहीत!

चौथं वाक्य तर मी मोठ्याने वाचलं, आणि तसंच वाचायला हवं. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येते. जॉइसने ती शिट्टी अक्षरांची लांबलचक ओळ करून छापली आहे. शिट्टीवरून मॉलीला इंजिनाची ताकद सुचते, ताकदीवरून त्या तापलेल्या इंजिनात रात्रभर बायकामुलांपासून दूर राबणारी माणसं, त्या धगीवरून आजचा उकाडा, बरं झालं घरातली जुनी वर्तमानपत्रं अर्धी जाळून टाकली, मग पाऊस येऊन गार झालं, आणि मला वाटलं होतं की आता जिब्राल्टरसारखं तापणार. झालं! एका शिट्टीवरून आपण डब्लिनमधून तिच्या बालपणात जाऊन पोचलो. मॉलीचा जन्म जिब्राल्टरचा, तिचे वडील तिथल्या ब्रिटिश फौजेत होते. पुढची कितीतरी पानं तिथला काळाकुट्ट पूर्वेचा वारा, मच्छरदाण्या आणि मिसेस स्टॅनहोपने पॅरिसहून पाठवलेला झगा यांनी भरली आहेत. वाटेत कुठेही ‘अनेक वर्षांपूर्वी’ असं लिहिलेलं नाही. प्रसंग बदलल्याची खूण एकच, अंगाला जाणवलेला उकाडा. म्हणून वाट चुकल्यासारखं वाटलं की मागे जाऊन शेवटचा आवाज, वास किंवा अंगाला जाणवलेली गोष्ट शोधायची. ट्रेनची शिट्टी, चर्चची घंटा, अंथरुणातली अवघड कूस, यांपैकी काहीतरी तिथे हमखास सापडतं आणि तिथून सांधा लागतो.

आपल्याकडे बखरी आणि मोडी पत्रंही विरामचिन्हांशिवायच वाचली जात. मेजर कँडी यांनी एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हं मराठी छपाईत रुजवली. पण मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं, ते आलं की वाक्य मिटलं हे कानाला कळतं. इंग्रजीत तसं नाही. तिथे मधला एखादा तुकडा मागच्या वाक्याचा शेवटही असू शकतो आणि पुढच्याची सुरुवातही. जॉइस असे दुतोंडी तुकडे मुद्दाम ठेवतो. ते दोन्हीकडे जोडून वाचावेत, दोन्ही अर्थ चालले तर दोन्ही ठेवावेत. मॉलीच्या मनात ते दोन्ही असतातच.

सगळ्यात मोठा गुंता मात्र ‘तो’ या सर्वनामाचा. मॉली नाव न घेता ‘तो’ म्हणते आणि हा तो दर दोन ओळींनी बदलतो. कधी ब्लूम, कधी बॉयलन, कधी जिब्राल्टरला तिचं पहिलं चुंबन घेणारा नौदलातला मल्वी, कधी बोअर युद्धात आफ्रिकेत तापाने मेलेला गार्डनर. ओळख पटवायची ती सर्वनामाशेजारच्या वस्तूवरून. पोर्ट दारू आणि पीच आले तर बॉयलन. पलंगावर उलटा, बायकोच्या तोंडाकडे पाय करून झोपलेला असला तर ब्लूम, ती त्याची सवयच आहे. क्लॅडा घाटाची बोजड अंगठी आली तर मल्वी, पण जरा थांबायचं, कारण तीच अंगठी तिने पुढे आफ्रिकेला निघालेल्या गार्डनरला दिली! एका अंगठीवर दोन पुरुष, आणि वाक्य त्यांच्यात भेद करत नाही. आपला अंदाज चुकला की लगेच कळतं: पुढची वस्तू त्या माणसाला शोभत नाही. तेव्हा मागच्या नावापर्यंत परत जायचं. काही जागा तरीही सुटत नाहीत, आणि त्या तशाच राहू द्याव्यात.

कारण शेवटच्या पानावर हाच गुंता कादंबरीचा कळस होतो. सोळा वर्षांपूर्वी, तेव्हाही लीप वर्षच होतं, हाऊथच्या टेकडीवर ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांमध्ये ब्लूमने तिला लग्नाचं विचारलं. तिने आपल्या तोंडातला केकचा तुकडा त्याच्या तोंडात दिला होता. ती लगेच उत्तर देत नाही. समुद्राकडे बघत राहते आणि त्याला ठाऊक नसलेल्या कितीतरी गोष्टी तिच्या मनात येतात: मल्वी, वडील, खलाशी, स्पॅनिश मुली, अल्जेसिरसची बोट, अलामेडाच्या बागा, अंजिराची झाडं. मग ‘त्याने’ मूरिश भिंतीखाली माझं चुंबन कसं घेतलं ते आठवतं, आणि हा ‘तो’ मल्वी आहे. लगेच पुढे ती म्हणते की दुसऱ्या कुणापेक्षा हाही काही वाईट नाही, आणि हा ‘तो’ ब्लूम आहे. भिंत जिब्राल्टरची, टेकडी डब्लिनची, पुरुष दोन, सर्वनाम एक. मध्ये पूर्णविराम नाही. मग ती त्याला पुन्हा विचारायला सांगते, तोंडाने नाही, डोळ्यांनी, आणि होकार देते.

हे वाचून मी पुस्तक छातीशी धरून बसले होते! मॉलीने ब्लूमला ‘हो’ म्हटलं ते मल्वीला विसरून नाही, त्याच्या आठवणीतूनच म्हटलं. तिच्या होकारात सगळं पूर्वायुष्य सामावलेलं आहे. दोघांच्या मध्ये एक टिंब पडलं असतं, तर एक झाला असता पहिला प्रियकर आणि दुसरा नवरा, आणि लग्नाविषयीची इतकी खरी गोष्ट जॉइसला सांगताच आली नसती.

तेव्हा सतरा प्रकरणं वाचून झाल्यावरच मॉलीकडे जायचं, असा नियम स्वतःला लावू नका. चौथं वाक्य उघडा, शिट्टीपाशी सुरुवात करा, मोठ्याने वाचा, हातात पेन्सिल असू द्या आणि ‘तो’ बदलला की समासात त्या माणसाची खूण करा. ब्लूमची एक, मल्वीची एक, बॉयलनची एक. दोनतीन पानांत समास भरून जाईल, आणि ज्या ‘तो’पुढे दोन खुणा कराव्याशा वाटतील तिथे खुशाल दोन्ही करा.