चौदा पायऱ्या

फेब्रुवारीत मला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात पाच दिवस काढून घरी आले, तेव्हा आमच्या जीपीने ४ आठवड्यांची फिट नोट दिली. नाव ‘फिट’, आणि आत लिहिलेलं की बाई कामाला फिट नाही! इंग्लंडमध्ये आजारपणाचे पहिले ७ दिवस आपलं आपण लिहून दिलं तरी चालतं, त्यापुढे ही नोट लागते.

चौथ्या आठवड्यात ताप नव्हता, खोकलाही कमी होता. पण घरातल्या चौदा पायऱ्या चढताना मला आठवीवर बसावं लागे. आणि माझं काम नर्सरीत, दोन-दोन वर्षांची मुलं उचलायचं. साताऱ्याहून आईचा रोज फोन, “अगं, अजून घरीच? नोकरी राहील ना?” पगाराऐवजी सरकारी नियमातला तुटपुंजा सिक पे येत होता, तोही जास्तीत जास्त २८ आठवडे. शिवाय मंजूर झालेली रजा पुन्हा वाढवून मागायची म्हणजे कामचुकार ठरायचं, ही धास्ती. नोट रविवारी संपत होती. सोमवारी जायचंच, असं मी ठरवून टाकलं.

गुरुवारी डॉक्टरांचा फोन आला. कशी आहेस विचारल्यावर सवयीने म्हणाले, “बरी आहे.” शेजारून नवरा म्हणाला, “अगं, पायऱ्यांचं सांग की!”

मग सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ताप लवकर जातो, पण थकवा तीन महिनेही रेंगाळू शकतो. चार आठवडे हा त्यांचा अंदाज होता, तो चुकला. ताप उलटला किंवा धाप वाढली तर लगेच कळवायचं, आणि सहा आठवड्यांनीही असंच असलं तर पुन्हा एक्स-रे. नवी नोट ३ आठवड्यांची मिळाली. तिची तारीख जुनी संपते तिथूनच सुरू होते ना, तेवढं मी तपासलं, कारण ते सुरुवातीचे ७ दिवस मधल्या खंडाला वापरता येत नाहीत.

मॅनेजरबाईंना त्याच दिवशी ईमेल लिहिली. पहिल्या खर्ड्यात नुसती माफी होती. लेकीने ती सगळी पुसली. उरलं एवढंच: नोट जोडली आहे, अमुक तारखेपर्यंत आहे, जिना चढता येत नाही, मुलं उचलता येत नाहीत, शेवटच्या आठवड्यात पुन्हा कळवते. उत्तर दोन ओळींचं आलं, आणि त्यात कामचुकारपणाचा वासही नव्हता.

तिसऱ्या नोटवर डॉक्टरांनी ‘कदाचित कामाला फिट’वर खूण केली: अर्धा दिवस, उचलाउचल नाही. नर्सरीला ते जमलं नसतं, तर तीच नोट रजेची म्हणून चालली असती. पण जमलं. मुलांच्या नोंदी लिहायचं बसून करायचं काम मिळालं.

पहिल्या दिवशी आईचा फोन आलाच. “किती वाजता सुटणार?”

“साडेबाराला.”

“मग जेवून झोप हो, जिना नंतर चढ.”