नवरीच्या मोबाइलमधले तीन फोटो

नवरीच्या डोळ्यांत पाणी आलं की खोलीतल्या सगळ्या बायका एका सुरात "अगं, किती गोड दिसतेस!" म्हणायला लागतात. त्याने काही होत नाही. जिला आपले फोटो आवडत नाहीत तिने हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं आणि ते खोटं ठरवायला तिच्या हातात मोबाइल असतो. म्हणून मी आधी मोबाइल मागते.

सांगलीच्या एका कार्यालयात लग्न होतं. मुहूर्त दुपारचा, पण गौरीहर साडेनऊला. म्हणजे पिवळी साडी, खोपा, दागिने, मुंडावळ्या सगळं त्याआधी. सकाळी साडेसहाला मी ब्रश मांडत होते. नवरीला घरात मनू म्हणायचे. खुर्चीत बसता बसताच ती म्हणाली, "ताई, तुम्ही काहीही करा, मी फोटोत भूतच दिसणार. फोटोग्राफरला तेवढं सांगाल का, माझे जवळून काढू नका म्हणून?" डोळे काठोकाठ भरलेले. ओल्या डोळ्यांखाली कन्सीलर बसत नाही, त्यामुळे घाई करून माझंच काम वाढलं असतं. म्हटलं, "दाखव बघू, कुठल्या फोटोत भूत दिसलीस?"

पहिला फोटो आदल्या संध्याकाळचा, हळदीचा. मामेबहिणीने हात लांब करून काढलेला सेल्फी. मनू पुढे, बाकीच्या मागे दाटीवाटीने. "हे नाक बघा," ती म्हणाली. नाक खरोखरच मोठं दिसत होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. मी तिचाच मोबाइल घेतला, मागच्या कॅमेऱ्याने तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून एक फोटो काढला, मग सहा फूट मागे जाऊन झूम करून दुसरा. चेहरा तोच, खिडकीचा उजेड तोच. दोन्ही शेजारी शेजारी लावले. पहिल्यात नाक पुढे आलेलं आणि कान जवळजवळ गायब, दुसऱ्यात नाक जागेवर आणि कानही दिसतायत. जवळून काढलं की कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ नाक असतं, म्हणून ते फुगतं आणि मागचे कान आक्रसतात. अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी २०१८ मध्ये याचा हिशेब मांडला होता. एका फुटावरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळपास तीस टक्के रुंद दिसतं, आणि पाच फुटांवर हा फरक उरत नाही. मनूने दोन्ही फोटो चार-पाच वेळा पुढे-मागे केले. रडणं थांबलं होतं, आता ती तपासणी करत होती.

दुसरा फोटो ऑफिसच्या ओळखपत्राचा. "यात तोंड वाकडं आहे. आरशात असं नसतं." हे मी फार जणींकडून ऐकते. तिची डावी भुवई किंचित वर आहे आणि भांगही बाजूचा. आरशात ती रोज हे उलट बघते. त्यामुळे फोटोत भुवई भलत्याच बाजूला गेल्यासारखी वाटते आणि मेंदू म्हणतो, काहीतरी बिघडलंय. मी मघाचा लांबून काढलेला फोटो एडिटमध्ये जाऊन डावा-उजवा उलटवला आणि विचारलं, "यातला कुठला बरा?" तिने लगेच उलटवलेला दाखवला. मग तोच मोबाइल तिच्या आईपुढे, काकूंपुढे धरला. काकू हातातला गजरा बाजूला ठेवून म्हणाल्या, "हा काय प्रश्न झाला? हा." त्यांनी सरळ फोटो दाखवला होता. उलटवलेला त्यांना "कुणीतरी दुसरीच" वाटत होता. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला होता आणि तिथेही असंच घडलं. बहुतेकांना स्वतःचा आरशातला चेहरा आवडला आणि त्यांच्या जवळच्यांना सरळ फोटोतला. मनू आईकडे बघत राहिली. "म्हणजे तुला मी अशी दिसते?" काकू म्हणाल्या, "मग कशी दिसणार?" आणि पुन्हा गजऱ्याला लागल्या.

तिसरा साखरपुड्याचा. तो बघून मी म्हणाले, "हा मात्र खरंच वाईट आहे." काकू दचकल्या, पण मनूच्या चेहऱ्यावर त्या सकाळी पहिल्यांदा जरा हसू आलं. चेहरा राखाडी-पांढरा, गळा आणि कान वेगळ्याच रंगाचे. यात तिचा काहीच दोष नव्हता. फाउंडेशन तिच्या रंगापेक्षा निदान दोन शेड उजळ लावलं होतं आणि वर सिलिकाची पांढरी पावडर थापली होती. ही पावडर नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण फ्लॅश पडला की तो प्रकाश थेट कॅमेऱ्याकडे परतवते. सनस्क्रीनमधलं झिंक किंवा टायटॅनियमही तेच करतं. नवरी गोरी दिसली पाहिजे हा हट्ट नातेवाइकांचा असतो, आणि आमच्या धंद्यातले लोक तो पुरवतात. मला त्याचा राग येतो.

घड्याळात सात वाजून गेले होते. आधी केसांच्या कडेला आणि कानामागे राहिलेली हळद काढली. ती पाण्याने हलत नाही, तेलात सुटते. खोबरेल तेलाचा बोळा फिरवून चेहरा धुतला. मग तीन शेडचे पट्टे जबड्याच्या कडेवर, अर्धे गालावर अर्धे गळ्यावर येतील असे ओढले आणि तिला खिडकीत उभं केलं. मनगटावर शेड बघण्यात अर्थ नसतो, हाताचा रंग वेगळा असतो. दहा मिनिटं थांबलो, कारण हवा लागली की बरीच फाउंडेशन थोडी गडद होतात. मधला पट्टा दिसेनासा झाला तो घेतला. तोच कानांच्या पाळ्यांवर आणि गळ्यावरही. पावडर फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवर, तीही चिमूटभर. मग दिवे घालवून सहा फुटांवरून फ्लॅशचा फोटो काढला आणि काही न बोलता मोबाइल तिच्या हातात दिला. तिने झूम करून गळा बघितला, मग चेहरा, मग पुन्हा गळा. "एकच माणूस आहे," ती म्हणाली.

पुढचं भराभर झालं. मुंडावळ्या कानशिलांवरून खाली येतात म्हणून लाली थोडी आत, गालाच्या उंचवट्यावर. काजळ फक्त वर, खाली नाही, कारण मंगलाष्टकं संपेपर्यंत रडू येणारच होतं. नाक टोचलेलं नव्हतं, म्हणून चापाची नथ. ती वरच्या ओठाला घासते, तेव्हा लिपस्टिक मॅट.

फोटोग्राफर आला तेव्हा मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, हिचे जवळून काढायचे तर पंच्याऐंशीची लेन्स लावा आणि मागे उभे राहा." तो म्हणाला, "जागा कुठाय, ताई?" गौरीहराच्या खोलीत खरंच जागा नव्हती. शेवटी त्याने दारातून, बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहून काढले. पहिला फोटो कॅमेऱ्यावर दाखवला. मनूने बराच वेळ बघितला. आवडला असं काही ती म्हणाली नाही. म्हणाली, "ठीक आहे. नाक माझंच आहे." आणि भटजींनी हाक मारली.

अल्बमचे फोटो निवडायची वेळ आली तेव्हा तिचा फोन आला. एक फोटो सोडून बाकी चालतील, पण तो एक उलटवून छापता येईल का? आरशासारखा?

"येईल की," मी म्हटलं. "पण मग नथ उजवीकडे जाईल आणि पदर उजव्या खांद्यावर."

पलीकडे थोडी शांतता, मग हसू. "आजी तर मला मारूनच टाकेल. राहू दे, ताई, सरळच छापायला सांगते."