धरण फायद्याचं की तोट्याचं? उत्तर 'दरा'त दडलंय

मोझरीत चहाच्या टपरीवर धरणाचा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "पैसा पाण्यात गेला." दुसरा म्हणतो, "उशिरा का होईना, पाणी तं येईन ना भाऊ!" दोघंही अर्धे बरोबर आहेत. उरलेला अर्धा हिशोब आज मांडतो. पोस्ट जरा लांब आहे, पण वाचा.

सिंचन प्रकल्प मंजूर करताना 'बी.सी. रेशो' काढतात, म्हणजे वर्षाचा लाभ भागिले वर्षाचा खर्च. हा आकडा साधारण 1.5 लागतो, अवर्षणप्रवण भागात 1 चालतो. समजा, प्रकल्प 100 कोटींचा आहे. त्यावर 10 टक्के व्याज म्हणजे 10 कोटी, घसारा 1 कोटी, देखभाल 1 कोटी, असा वर्षाचा खर्च झाला 12 कोटी. पिकांचं वाढीव उत्पन्न 18 कोटी धरलं की रेशो आला 1.5. प्रकल्प पास!

पण या गणितात एक गोष्ट नाही, ती म्हणजे पाणी कोणत्या वर्षी येणार. लाभ जणू उद्यापासूनच सुरू होणार, असं ते धरून चालतं.

संत्र्याचा बगीचा लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कलमं, खड्डे, ठिबक यांचा खर्च आज होतो आणि पहिला खरा बहार पाच-सहा वर्षांनी हाती येतो. तोवर घर चालवायचं असतं. म्हणून उद्याचा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा. किती कमी, हे समाजाच्या वतीने ठरवणारा आकडा म्हणजे सामाजिक वटाव दर. 30 वर्षांनी मिळणारा 1 कोटीचा लाभ 10 टक्के दराने आज फक्त 5.7 लाखांचा ठरतो, 4 टक्के दराने जवळपास 31 लाखांचा.

आता तोच प्रकल्प वर्षवार मांडू. 100 कोटी पहिल्या 5 वर्षांत सारखे खर्च झाले. देखभाल वजा जाता लाभ वर्षाला 17 कोटी, तो 50 वर्षं. पाणी सहाव्या वर्षी आलं तर 10 टक्के दराने आजच्या मोलात खर्च 76 कोटी आणि लाभ 105 कोटी. चांगलंच आहे. पण भिंत उभी राहिली आणि वितरिका-पाटचाऱ्या रखडल्या, पाणी एकविसाव्या वर्षी आलं, तर? खर्च तेवढाच, लाभ उरतो 25 कोटी. सरळ तोटा.

4 टक्के धरले तर वेळेवरच्या पाण्याचा लाभ 300 कोटी, उशिराच्या पाण्याचा 167 कोटी आणि खर्च 89 कोटी. म्हणजे दर कमी धरला की रखडलेला प्रकल्पही 'फायद्याचा' दिसतो. इथंच फसगत होते. रेशो पास दिसतो, पण उशिरामुळे बुडालेली रक्कम बघा: 10 टक्क्यांनी 80 कोटी, 4 टक्क्यांनी 133 कोटी! या उदाहरणात 10 ऐवजी 4 टक्के धरून पुढच्या पिढीची किंमत वाढवली, तर उशीर आणखी महाग पडतो.

मग दर कोणता खरा? कमी दरवाले म्हणतात, माणूस मरतो, समाज मरत नाही, नातवाचं पाणी स्वस्त का धरायचं? जास्त दरवाले म्हणतात, हाच पैसा दुसऱ्या कामात लावला असता तर काय मिळालं असतं, ते बघा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. आशियाई विकास बँकेनेही 2017 मध्ये आपला 12 टक्क्यांचा दर 9 वर आणला आणि ग्रामीण रस्त्यांसारख्या गरिबांच्या काही कामांसाठी 6 ठेवला. म्हणजे दर ही निव्वळ गणिताची बाब नाही, कोणाला किती थांबायला लावायचं याचा तो निर्णय आहे. बुडीत क्षेत्रातल्या माणसाची जमीन तं पहिल्याच दिवशी जाते. त्याच्या नुकसानीला वटाव नाही.

आपल्या विदर्भातलं गोसेखुर्द बघा. 1983 मध्ये अंदाज 372 कोटींचा. भूमिपूजन 1988 ला, राष्ट्रीय प्रकल्प 2009 मध्ये. सुप्रमा होत होत आकडा 18 हजार कोटींच्या वर गेला. यात महागाईचा वाटा मोठा आहे, तो वेगळा काढूनच तुलना करावी. पण महागाई काढली तरी थांबण्याची किंमत उरतेच, आणि ती कोणत्याही सुप्रमात लिहिलेली नसते.

म्हणून पुढच्या वेळी जनसुनावणीत नुसता रेशो ऐकून टाळ्या वाजवू नका. दोन कागद मागा. एक, कोणत्या वर्षी किती खर्च आणि कोणत्या वर्षी किती हेक्टरला प्रत्यक्ष पाणी. 'निर्माण झालेली क्षमता' नको, भिजलेलं रान पाहिजे. दोन, तोच हिशोब 10 आणि 4 अशा दोन्ही दरांनी, पाणी दहा वर्षं उशिरा आलं असं धरूनसुद्धा. दोन्हीत टिकला तर प्रकल्प पक्का. एकातच टिकला तर तो दर कोणी निवडला आणि का, हे विचारा.

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, बोलू.