एकाच घरातील दोन म्हातारपणे

खर्डीत दवाखाना थाटल्याला माझी पंचवीस वर्षे उलटून गेली. एवढ्या काळात ‘म्हातारपण’ हे निदान मी रुग्णांच्या नातेवाइकांकडून असंख्य वेळा ऐकले. चार वर्षांपूर्वी जर मला कोणी विचारले असते, तर मी म्हणालो असतो की डॉक्टर म्हणून मी तरी ते निदान करीत नाही. २०२२ च्या श्रावणात हा समज गळून पडला.

त्या घरात माय-लेक दोघेही मधुमेही होते. मुलगा ६४ वर्षांचा, स्वतःची भातशेती कसणारा, वजन ६६ किलो. आईचे वजन जेमतेम ३८ किलो. दोघांच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.१ आले होते. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंतून रक्तात येणारे आणि मूत्रपिंडांवाटे बाहेर टाकले जाणारे द्रव्य. ते साचले की मूत्रपिंडे मंदावली असे आपण समजतो. दोघांचाही आकडा ठीक दिसला, म्हणून मी दोघांना ग्लिबेनक्लामाइड या एकाच औषधाची एकाच मात्रेची गोळी लिहून दिली. एक घर, एक आजार, एक गोळी, घरच्यांनाही सोयीचे.

श्रावणी सोमवारी आजींनी उपवास धरला. सकाळची गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी उपवास सोडताना दोन घास खाल्ले. रात्री त्या असंबद्ध बोलू लागल्या, सुनेला आपली वारलेली बहीण समजू लागल्या आणि मोरीकडे जाताना पडल्या. “आईचं वय झालं, भ्रम होतो कधीकधी, म्हणून सकाळपर्यंत थांबलो,” असे मुलगा मला म्हणाला. पहाटे दवाखान्यात आणले तेव्हा रक्तशर्करा ४१ होती. शिरेतून ग्लुकोज देताच आजी शुद्धीवर आल्या. तीन तासांनी साखर पुन्हा ५० च्या घरात उतरली, तेव्हा मी त्यांना शहापूरला रुग्णालयात हलविले. तेथे दोन दिवस त्यांच्यावर देखरेख ठेवावी लागली. हाड मोडले नाही, हे नशीब.

त्या आठवड्यात मी कागद घेऊन बसलो. वय, वजन आणि क्रिएटिनिन यांवरून मूत्रपिंडांची क्षमता काढण्याचे एक जुने सूत्र आहे: १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे आणि रुग्ण स्त्री असेल तर आलेल्या उत्तराचे ८५ टक्के घ्यायचे. मुलाचे उत्तर ६३ आले. आजींचे आले २२. अहवालात आकडा एकच, पण मूत्रपिंडांची शक्ती जवळजवळ एक तृतीयांश. कारण साधे होते. आजींच्या अंगावर स्नायूच उरले नव्हते, त्यामुळे क्रिएटिनिन तयारच कमी होत होते आणि निकामी होत चाललेली मूत्रपिंडेही कागदावर धडधाकट दिसत होती. त्यांच्या शरीरातून ते औषध वेळेत बाहेर पडत नव्हते. शिवाय, साखर उतरल्यावर तरुणाला घाम फुटतो, छाती धडधडते. अतिवृद्धांत हे इशारे पुसट होतात आणि थेट भ्रमच पुढे येतो. त्याला घरच्यांनी म्हातारपण म्हटले. मीही दोघांना ‘ज्येष्ठ नागरिक’ या एकाच खान्यात टाकून तेच केले होते.

हे सूत्र वापरताना आजींचे वय कोणते धरायचे, हा आणखी एक पेच होता. आधार कार्डावर १ जानेवारी १९४८ ही तारीख होती, म्हणजे वय ७४. पण मग आई मुलापेक्षा दहाच वर्षांनी मोठी ठरते! विचारपूस केल्यावर आजी म्हणाल्या, “मोडकसागराचं धरण बांधत होते ना, तेव्हा मी पाट्या वाहायला जायची. थोरली कडेवर होती.” ते काम १९५० च्या दशकातले. आजी ८६ च्या आसपास असणार, हे तेव्हा उमगले. आमच्या भागात अनेकांच्या कार्डावर अशी अंदाजाची १ जानेवारी आहे. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीने ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत प्रवास सुरू केला. ८६ वर्षांच्या या बाई कागदावर ७४ च्या असल्याने त्यात बसल्या नाहीत.

वार्धक्याचे एकच गाठोडे बांधू नये, हे अमेरिकेतील बर्निस न्यूगार्टन या विदुषींनी १९७४ मध्येच मांडले होते. साधारण ५५ ते ७५ या वयातल्यांना त्यांनी ‘तरुण वृद्ध’ म्हटले आणि त्यापुढच्यांना ‘वृद्ध वृद्ध’. पुढे ८५ ओलांडलेल्यांसाठी ‘अतिवृद्ध’ हा तिसरा गट आला. आपल्याकडे सहसा ६० ते ६९, ७० ते ७९ आणि ८० च्या पुढे, अशी विभागणी करतात. आपल्या कायद्यात मात्र साठी गाठली की सारे ज्येष्ठ नागरिक. साठीचा मुलगा आणि नव्वदीला टेकलेली आई यांच्यात पंचवीस-तीस वर्षांचे, म्हणजे अख्ख्या पिढीचे अंतर असते. पाच वर्षांचे मूल आणि तिशीतला बाप यांना आपण एकच मात्रा देत नाही.

तरीही वयाच्या या पायऱ्यांना मर्यादा आहे. आमच्या पंचक्रोशीत ७९ वर्षांचे एक गृहस्थ आजही लावणीला चिखलात उतरतात, तर ६३ व्या वर्षी अर्धांगाने खाटेला खिळलेले एक शिक्षक मी पाहतो. न्यूगार्टनबाईंचाही रोख केवळ वर्षांवर नव्हता. प्रकृती आणि कर्तेपण टिकून आहे का, याकडे होता. वय सांगते ते इतकेच, की शोध कोठे घ्यायचा.

तो शोध आता मी असा घेतो. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाचे वजन करतो आणि वरचे सूत्र मांडतो. मग चार मीटर अंतर नेहमीच्या चालीने चालायला सांगतो. पाच सेकंदांहून जास्त वेळ लागला तर त्या व्यक्तीची ताकद घटली आहे असे समजून पुढे तपासतो. रक्तदाब बसल्यावर आणि उभे राहिल्यावरही मोजतो. वरचा आकडा २० ने उतरत असेल, तर पडण्याचा धोका असतो आणि रक्तदाबाच्या गोळीचा फेरविचार करावा लागतो. मधुमेहात तीन महिन्यांची सरासरी साखर धडधाकट तरुण वृद्धात ७ ते ७.५ च्या आत राखणे योग्य. दुर्बल अतिवृद्धात ८ च्या थोडे पुढे गेली तरी चालते, साखर उतरू न देणे अधिक महत्त्वाचे.

वाचकहो, आपल्या घरी ऐंशीच्या पुढचे कोणी असेल आणि त्यांच्या बोलण्यात एका दिवसात फरक पडला, तर ते म्हातारपण नव्हे. म्हातारपण एका रात्रीत येत नाही. त्याच वेळी साखर मोजावी आणि डॉक्टरांना कळवावे. मधुमेहाची गोळी चालू असताना उपवास धरायचा असल्यास आदल्या दिवशी विचारावे. आणि दरवर्षी सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओताव्यात. सत्तरीत सुरू केलेली मात्रा नव्वदीत चालेलच असे नाही.

आजींची ती गोळी मी बंद केली. मुलाची उपचारपद्धती निराळी राहिली. दोघांच्या कागदांची थप्पी मात्र त्या घरात अजून एकाच पिशवीत असते. दर खेपेला मी ती माझ्या टेबलावर वेगवेगळी करतो.