सुकलेल्या धानाचा हिशेब

मंडळी, येत्या हंगामात मी काट्याजवळ नसेन. धानाच्या तुसाची धूळ माझ्या छातीला आता सोसवत नाही, असं डॉक्टरांनी यंदा स्पष्टच सांगितलं. आणि आपल्या खरेदी केंद्रावर धुळीपासून लांब राहून सभापतीपद चालत नाही. घरी बसून कागदांवर सह्या करणारा सभापती मला व्हायचं नाही, म्हणून हा राजीनामा.

जाताना हाराऐवजी एक गोष्ट मागतो. मी सांगतो तो हिशेब नीट ऐका. आदिवासी विकास महामंडळ १९७२ मध्ये स्थापन झालं, तेव्हा आपला गडचिरोली चंद्रपूर जिल्ह्यातच होता. आपल्यासारख्या आदिवासी विविध कार्यकारी संस्था महामंडळासाठी हमीभावानं धान घेतात. गिरणीवाला भरडाईसाठी उचल करीपर्यंत धान आपल्या ताब्यात असतं. तो सगळा काळ सभापतीच्या झोपेवर येतो.

दिवाळी उलटली की बांध्या पिवळ्या पडतात, धान कापून पुंजणी रचली जातात, मग चुरणी. चुरलेलं धान कुणी खळ्यावर दोन दिवस वाळवून आणतो, कुणी देणेकऱ्याच्या घाईनं तसंच आणतो. नियम सांगतो, धानात ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. दाताखाली दाणा कट्ट मोडला की कोरडा, चेपला की ओला, हे माझ्या आजोबांपासून चालत आलेलं. पण पंधरा आणि सतरातला फरक दात सांगत नाही, ते यंत्रच सांगतं.

हा फरक किती मोठा, ते बघा. आपण १००० क्विंटल धान घेतलं, ४० किलोचे २५०० कट्टे. ओलावा १७ टक्के, म्हणजे त्यात १७० क्विंटल पाणी आणि ८३० क्विंटल कोरडं धान. आता उचल लांबली, मार्च-एप्रिलचं ऊन लागलं आणि ओलावा १३ टक्क्यांवर आला. कोरडं धान तेवढंच, ८३० क्विंटल; पण सगळ्या ढिगाचं वजन ९५४. म्हणजे ४६ क्विंटल कुणी नेलं नाही, ते हवेत गेलं. २०२४-२५ च्या २३०० रुपये हमीभावानं ते एक लाख पाच हजार आठशे रुपये होतात. मान्य तुटीच्या वर गेलेली रक्कम संस्थेच्या कमिशनमधून जाते, आणि गावात कुजबुज सुरू होते की सभापतीनं धान खाल्लं.

ही तूट भरून काढायचा एक सोपा रस्ता आहे, आणि तो मला अनेकांनी सुचवला. काट्यावर कट्ट्यामागे दोन किलो जास्त घ्यायचं. २५०० कट्ट्यांचे ५० क्विंटल होतात, तूट झाकली जाते, कमिशन वाचतं. पण ते दोन किलो कुणाचे? दोन एकराच्या धानकऱ्याचे, ज्याची बायको रोवणीत चिखलात उभी राहिली. त्याच्या घरातलं धान घेऊन संस्थेचा हिशेब सरळ करणं मला कधीच जमलं नाही. मला सर्वांत जास्त जपायचं होतं ते त्याचंच धान.

मग दुसरा रस्ता कोणता? खरेदीच्या दिवशी प्रत्येकाच्या धानाचा ओलावा यंत्रावर मोजायचा आणि रजिस्टरमध्ये नावापुढे लिहायचा. तो आकडा धानकऱ्यालाही दाखवायचा. पुढे दर महिन्याला, थप्पीच्या वरून, मधून आणि तळातून थोडे कट्टे काढून वजन आणि ओलावा तपासायचा. १७ टक्क्यांचा ४० किलोचा कट्टा १३ टक्क्यांवर आला, तर साधारण ३८ किलो १६० ग्रॅम भरायला हवा. तेवढा भरला तर ते ऊन आहे. त्याहून कमी भरला, तर उंदीर असतील, फाटलेला बारदाना असेल, नाहीतर माणसाचा हात असेल. तेव्हा शोधा, आणि त्याच आठवड्यात शोधा. वर्षाच्या शेवटी एकदम काटा लावला तर ऊन आणि चोर दोघं एकाच आकड्यात मिसळतात, मग कुणालाच वेगळे करता येत नाहीत.

ऊन धान सुकवतं, पाऊस मात्र ते कुजवतो. ताडपत्री टाकून निजू नका. कट्ट्यांच्या मध्ये हात घाला. आत उबदार लागलं, आंबूस वास आला, तर थप्पी मोडून धान पसरा. कोंब आल्यावर आकडे कितीही नीट लिहिले तरी उपयोग नाही. अवकाळीच्या दिवसांत मी ओट्यावर झोपलो ते याच भीतीनं, आणि छातीचं हे दुखणं बहुतेक तिथूनच आलं. त्याची तक्रार नाही.

नवा सभापती तुम्ही निवडाल. तो कुठल्या टोल्यावरचा, कुणाच्या नात्यातला, याची चर्चा होईलच. माझं मत विचाराल, तर आपल्या सख्ख्या भावाचं १९ टक्क्यांचं धान 'दादा, अजून दोन दिवस वाळव' म्हणून परत पाठवू शकेल, असा माणूस बघा. मला ते एकदा करावं लागलं. भाऊ वर्षभर बोलला नाही. पण त्याचं धान वाळून परत आलं तेव्हा काट्यावर घेताना त्याला एक किलोही जास्त द्यावा लागला नाही.

ओलाव्याचं रजिस्टर आणि वजनाच्या नोंदी मी व्यवस्थापकांकडे दिल्या आहेत. त्यातली मागची चार पानं आजच, सगळ्यांसमोर वाचून घ्या. काही जुळत नसेल तर मी इथं बसलोय तोवरच विचारा.