टबाच्या कडेचे जुने सिलिकॉन

लंडनच्या वायव्येस, हॅरोच्या परिसरात, दोन महायुद्धांच्या दरम्यान जी विटांची जोडघरे उभी राहिली, त्यांपैकी बहुतेकांत न्हाणीघर वरच्या मजल्यावर असते आणि त्याची जमीन लाकडी तुळयांवर ठोकलेल्या फळ्यांची असते. म्हणून ज्या मराठी माणसाचे बालपण उताराच्या दगडी मोरीत पाणी ओतण्यात गेले, त्याला टब आणि भिंत यांमधील सांधा जितका किरकोळ वाटतो, तितका तो येथे असत नाही. स्नानाचे पाणी आणि खालच्या दिवाणखान्याचे छत यांच्यामध्ये जो काही बंदोबस्त आहे, तो त्या सांध्यात भरलेल्या बोटाएवढ्या रुंदीच्याही नसलेल्या रबरी पट्टीचा. आणि ती पट्टी काळवंडून भिंतीपासून सुटू लागली म्हणजे तिच्यावरच नवी ओढून वेळ मारून नेण्याची जी चाल येथे घरोघर दिसते, तिला माझा ठाम विरोध आहे.

विरोधाचे कारण त्या पदार्थाच्या प्रकृतीतच आहे. नळीतून बाहेर पडलेले सिलिकॉन हवेतील बाष्प शोषून वरून आत घट्ट होत जाते, आणि स्वस्त प्रकारच्या सिलिकॉनमधून त्या वेळी शिरक्याचा उग्र वास येतो. परंतु एकदा ही क्रिया पूर्ण झाली, की त्याच्या पृष्ठभागावर दुसऱ्या कशालाही धरून राहण्याजोगे काही उरत नाही, आणि नव्या सिलिकॉनलाही जुने सिलिकॉन परकेच असते. पाण्याला अटकाव करण्याचा जो गुण आपण त्याच्याकडून विकत घेतो, तोच दुरुस्तीच्या वेळी आपल्या आड येतो. उष्णतेनेही ते वितळत नाही; म्हणून केस वाळविण्याचे यंत्र त्यावर रोखून धरण्याचा जो सल्ला वारंवार दिला जातो, तो जुन्या ॲक्रिलिक भरणीला काही अंशी लागू पडला, तरी सिलिकॉनच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नये.

आमच्या घरचा टब सतराशे मिलिमीटर लांब, सातशे रुंद आणि तीन बाजूंनी भिंतीला भिडलेला. पूर्वीच्या मालकाने पारदर्शक पट्टीवर पांढरी आणि पांढरीवर पुन्हा पांढरी ओढलेली असल्यामुळे, नळाकडच्या कोपऱ्यात बोटाने दाबताच वरचा थर उचलला जाई आणि त्याखालून साबणाचे करडे पाणी येई. अशा वेळी प्रथम टबाची जात ओळखावी. चुंबक चिकटले तर टब एनॅमल चढविलेल्या पोलादाचा किंवा बिडाचा आहे, आणि त्यावर धारदार पाते जवळजवळ आडवे धरून चालविता येते, मात्र टोक रुतू देता कामा नये, कारण एनॅमल ही काच आहे आणि तिचा टवका उडाल्यास त्या जागी गंज धरतो. चुंबक चिकटले नाही तर टब बहुधा ॲक्रिलिकचा, आणि त्याला प्लास्टिकच्या पात्याखेरीज काहीही लावू नये. ॲसिटोन तर त्याच्या आसपासही आणू नये, कारण त्याने ॲक्रिलिकची चकाकी कायमची जाते. आमचा टब पोलादी निघाला.

पट्टीची वरची कड टाइलच्या बाजूने आणि खालची टबाच्या बाजूने, अशा दोन कापण्या सबंध लांबीभर केल्या, म्हणजे मधला भाग पक्कडीत धरून स्वतःकडे संथपणे ओढता येतो. झटका दिला तर तो तुटतो. मोठा ऐवज असा हाताने निघाल्यावरच सिलिकॉन विरघळविणारे म्हणून विकले जाणारे जेल लावावे, कारण ते जाड थराच्या आत शिरत नाही, त्याची मदत पातळ अवशेषांपुरतीच. आणि ते खरे पाहता विरघळवीत नाही, मऊ करून पकड ढिली करते. डब्यावर सांगितलेल्या मुदतीइतके, म्हणजे सामान्यतः काही तास, ते जाड थरात राहू द्यावे, मग प्लास्टिकच्या पात्याने खरवडून काढावे आणि ती जागा साबणाच्या पाण्याने धुवावी, कारण त्या जेलचा अंशही नव्या पट्टीचा शत्रूच असतो.

येथवर आल्यावर कड स्वच्छ दिसू लागते, आणि बहुतेक जण नेमके येथेच काम संपले असे समजतात. वास्तविक डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा अद्याप शिल्लक असतो, आणि नवी पट्टी पुढे कोठून सुटणार याचा निवाडा तोच करीत असतो. त्याला उघडकीस आणण्याची रीत मला आमच्या परिचयाच्या अप्पांनी दाखविली. ते मूळचे नाशिकचे. येथे इमारतींच्या देखभालीत त्यांची सारी नोकरी गेली. ओल्या फडक्याने त्यांनी सबंध कड पुसली आणि म्हणाले, "पाणी कुठे पसरतंय आणि कुठे थेंब धरतंय, ते बघा." निर्भेळ एनॅमलवर आणि टाइलच्या झिलईवर पाण्याचा सलग पातळ पडदा पसरतो, जेथे सिलिकॉन उरलेले आहे तेथे तो पडदा फाटून थेंब गोळा होतात. आमच्या कडेवर नळाकडे वीतभर आणि मागच्या भिंतीशी तुटक तुटक असे थेंब उभे राहिले. ॲक्रिलिकवर ही परीक्षा विश्वसनीय नाही, कारण त्यावर पाणी मुळातच नीट पसरत नाही. तेथे कोरडे बोट फिरवावे, रबरासारखा अडखळा जाणवला की अवशेष आहे असे समजावे. थेंबांच्या जागा पेन्सिलीने खुणावून जेल पुन्हा लावले, पुन्हा खरवडले, आणि पडदा सर्वत्र अखंड पसरेपर्यंत हाच क्रम चालू ठेवला. या कामाचा अर्ध्याहून अधिक वेळ या न दिसणाऱ्या भागासाठीच जातो, आणि तो द्यावा असेच माझे मत आहे.

मोकळ्या झालेल्या फटीत काळी बुरशी असतेच. तिच्यावर पातळ ब्लीच लावून काही वेळाने धुऊन काढावे. मात्र त्या ब्लीचमध्ये शिरका किंवा येथील जड पाण्याचा क्षार काढणारे आम्लद्रव्य कदापि मिसळू देऊ नये, कारण त्यातून क्लोरीन वायू निघतो. याच वेळी टाइलच्या खालच्या ओळीवर बोटाची पेरे वाजवून पाहावीत. आवाज पोकळ येत असेल किंवा टाइल दाबल्यावर आत जात असेल, तर मागचा गिलावा कुजलेला आहे आणि तेथे कोणतीही नवी पट्टी टिकणार नाही; टाइल उतरवून गिलावाच नवा केला पाहिजे. आमच्या नळाकडच्या दोन टाइली अशा निघाल्या, आणि दिवाणखान्याच्या छतावर उमटलेल्या एका पिवळ्या डागाचा उगमही तेथेच सापडला.

तेथे केलेला नवा गिलावा वाळून टाइली पुन्हा बसविल्यावर आणि फटीतील ओल पूर्णपणे गेल्यावर, जी जायला हिवाळ्यात खिडकी उघडी ठेवून पंखा लावला तरी सहज एक-दोन दिवस लागतात, अप्पांनी आधी टब भरायला सांगितले. मी त्यांना विचारले, "अप्पा, पट्टी ओढायच्या आधी टब पाण्यानं का भरायचा?" ते म्हणाले, "अहो, दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो. लाकडी जमीन त्या वजनानं थोडी खाली जाते आणि फट रुंदावते. रुंद असताना भरलीत, तर पट्टी पुढं दबेल, ताणली जाणार नाही." त्याप्रमाणे टब भरला, कडा कोरड्या पुसून स्पिरिटने निर्मळ केल्या, टाइलवर आणि टबावर चिकटपट्ट्या लावून नवे सिलिकॉन एका सलग ओघात भरले, आणि ते मऊ असतानाच चिकटपट्ट्या काढल्या. पाणी दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच राहू दिले, कारण दिवसाकाठी दोन-तीन मिलिमीटर खोलीपर्यंतच हा पदार्थ घट्ट होतो, आणि वरून कोरडी वाटणारी पट्टी आतून कच्ची असताना टब रिकामा केला, तर जमीन वर येताना तीच पट्टी सुरकुतते.